मोबाइलवर शूट केलेल्या व्हिडिओत आवाज मागे का पडतो आणि तो कसा जुळवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्ताहातलं कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, घरचं लग्न असं काहीतरी मोबाइलवर सलग अर्धा-पाऊण तास शूट केलेलं असतं. संगणकावर एडिटिंगला घेतलं की सुरुवातीला सगळं ठीक दिसतं आणि शेवटाकडे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. हे प्रश्न मला वर्षभर येत असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाची चाळीस मिनिटांची एक क्लिप. हिशोब डोक्यात बसावा म्हणून आकडे पूर्णांकात आणले आहेत.

### मोबाइलवर तोच व्हिडिओ नीट दिसतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येच का बिघडतो?

कारण दोघं एकच फाइल वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात. मोबाइल व्हिडिओ साठवतो तेव्हा प्रत्येक फ्रेमसोबत ती नेमकी कधी दाखवायची याची वेळही लिहून ठेवतो. मोबाइलचा प्लेअर किंवा व्हीएलसी ती वेळ बघून फ्रेम दाखवतात. दोन फ्रेममधलं अंतर कधी कमी, कधी जास्त असलं तरी त्यांचं काही बिघडत नाही.

बऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन मात्र समान चौकोनांच्या वहीसारखी असते. प्रोजेक्ट तीस फ्रेमचा असेल तर प्रत्येक सेकंदात तीस घरं, आणि प्रत्येक घरात एक फ्रेम. सॉफ्टवेअरने फ्रेमवर लिहिलेली वेळ न पाहता त्या नुसत्या ओळीने भरत नेल्या, की जिथे मोबाइलने सेकंदाला चोवीसच फ्रेम घेतल्या होत्या तिथेही तीस घरं भरली जातात. म्हणजे ते दृश्य प्रत्यक्षापेक्षा भरभर पुढे सरकतं. आवाजाचे नमुने मात्र सेकंदाला ठरलेले ४८,००० किंवा ४४,१०० असतात, त्यात फरक पडत नाही. आवाज आपल्या जागी बरोबर असतो, चित्र पुढे पळालेलं असतं, आणि आपल्याला वाटतं आवाज मागे पडला. अशा बदलत्या गतीच्या चित्रीकरणाला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात.

### मोबाइल मुळात फ्रेम कमी-जास्त का घेतो?

सगळ्यात मोठं कारण उजेड. सेकंदाला तीस फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमसाठी सेन्सरला जास्तीत जास्त सेकंदाचा तिसावा भाग उजेड गोळा करता येतो. अंधार झाला की कॅमेऱ्याला तेवढा वेळ पुरत नाही. मग तो प्रत्येक फ्रेमला थोडा जास्त वेळ देतो आणि सेकंदाला चोवीस, काही फोनमध्ये त्याहूनही कमी फ्रेम घेतो. चित्र उजळ राहतं, गती कमी होते. शूटिंग करणाऱ्याला स्क्रीनवर यातलं काहीच जाणवत नाही.

दुसरं कारण फोन तापणं. लांबलचक ४के शूटिंग, वर चार्जर लावलेला आणि जाड कव्हर, अशा वेळी प्रोसेसरची गती उतरते आणि मधल्या काही फ्रेम गळतात. स्क्रीन रेकॉर्डिंगची तऱ्हा आणखी वेगळी: कित्येक फोन पडद्यावर काही हललं तरच नवी फ्रेम लिहितात, त्यामुळे तिथे हा दोष सगळ्यात तीव्र दिसतो.

### नेमका किती फरक पडतो? प्रत्यक्ष हिशोब दाखवाल का?

आमच्या कीर्तनाचंच बघू. क्लिप बरोबर ४० मिनिटांची, म्हणजे २,४०० सेकंद. सेकंदाला तीस या हिशोबाने ७२,००० फ्रेम हव्यात. फाइलमध्ये निघाल्या ७१,८५६. एकशे चव्वेचाळीस फ्रेम कमी.

त्या कुठे गेल्या? अकराव्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत नऊ सेकंद मंडपात फक्त समयांचा उजेड होता. बुवा थांबले नाहीत, टाळ-मृदंगही चालूच होते. फोनने तेवढ्यापुरत्या सेकंदाला चोवीस फ्रेम घेतल्या. सेकंदाला सहा कमी, म्हणजे नऊ सेकंदांत ५४. सव्विसाव्या मिनिटाला जनरेटर बंद पडला, या वेळी पंधरा सेकंद. पुन्हा सहा गुणिले पंधरा, ९० फ्रेम. बेरीज १४४.

५४ फ्रेम म्हणजे टाइमलाइनवर १.८ सेकंद आणि ९० फ्रेम म्हणजे ३ सेकंद. म्हणून ११ व्या मिनिटापर्यंत सगळं जुळलेलं, तिथून पुढे आवाज १.८ सेकंद मागे, आणि २६ व्या मिनिटानंतर थेट ४.८ सेकंद मागे. टाळकऱ्याचे टाळ एकमेकांवर आदळताना दिसतात आणि नाद पाच सेकंदांनी येतो. चाळीस मिनिटांत एकूण चोवीसच सेकंद अंधार होता, तरी एवढं.

### मग आवाजच थोडा ताणून किंवा दाबून जुळवला तर?

पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं, आणि एक अख्खी रात्र त्यात गेली. चित्र ४.८ सेकंदांनी आधी संपतंय हे दिसलं, म्हणून सगळा आवाज तेवढा दाबून चित्राच्या लांबीचा केला. सुरुवात जुळली, शेवट जुळला, मधे मात्र पूर्वी बरोबर असलेला भागही बिघडला.

कारण वरच्या हिशोबात आहे. फरक चाळीस मिनिटांवर सारखा पसरलेला नाही, तो पायरीसारखा दोन ठिकाणी आला आहे. आवाज सगळीकडून सारखा दाबला की दहाव्या मिनिटाला, जिथे मुळात काहीच चुकलेलं नव्हतं, तिथे आवाज जवळजवळ सव्वा सेकंद आधी येऊ लागतो. शिवाय दाबल्यामुळे गाण्याची लय वाढते, आणि स्वर न सांभाळता दाबलं तर पट्टीही किंचित चढते. अभंगाच्या बाबतीत हे मला मान्य नाही. आवाजात दोष नसेल तर त्याला हात लावायचा नाही. दुरुस्ती चित्राची करायची.

### माझ्या क्लिपमध्ये हाच दोष आहे हे कसं ओळखावं?

आधी मूळ फाइल व्हीएलसीमध्ये शेवटची पाच मिनिटं बघा. तिथे आवाज जुळतो आणि एडिटिंगमध्ये जुळत नाही, तर बहुतेक हाच प्रकार. तिथेही जुळत नसेल तर दोष फाइल तयार होतानाच आला आहे आणि पुढचे उपाय पुरतीलच असं नाही.

मग मीडियाइन्फो हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल त्यात उघडा. व्हिडिओच्या भागात `Frame rate mode` समोर `Variable` लिहिलेलं दिसेल आणि खाली `Minimum frame rate`, `Maximum frame rate` असे आकडे असतील. नुसतं `Variable` दिसलं म्हणून घाबरू नका, मोबाइलच्या जवळजवळ प्रत्येक क्लिपवर ते असतं. किमान आकडा २९.९ च्या आसपास असेल तर सहसा काही जाणवत नाही. तो २४ किंवा १५ असेल तर मात्र लक्ष द्या. एखादी फ्रेम लांबली तरी किमान आकडा खाली जातो, म्हणून खरा निकाल फ्रेमच्या एकूण संख्येवरून लावावा. एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर संगणकावर टाकलेलं असेल तर ही आज्ञा द्या:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=avg_frame_rate,duration,nb_frames -of default=nw=1 kirtan.mp4
```

आमच्या क्लिपला असं उत्तर आलं:

```
avg_frame_rate=1497/50
duration=2400.000000
nb_frames=71856
```

१,४९७ भागिले ५० म्हणजे २९.९४. ऐकायला तीसच्या अगदी जवळचा आकडा आहे, म्हणून लोक इथे फसतात. फ्रेमच्या संख्येला तीसने भागा: ७१,८५६ भागिले ३०, उत्तर २,३९५.२ सेकंद. हे खऱ्या लांबीतून वजा केलं की ४.८ सेकंद. टाइमलाइनवर चित्र आवाजाच्या नेमकं एवढं आधी संपत असेल तर निदान पक्कं झालं.

### आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे आहे. तेही यामुळेच का?

नाही. पहिल्या मिनिटाला जेवढा फरक, तेवढाच चाळिसाव्या मिनिटाला असेल तर ते घसरणं नव्हे. कारण ब्लूटूथ माइक असू शकतं, किंवा निव्वळ अंतर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. फोन व्यासपीठापासून तीस मीटरवर असेल तर आवाज सेकंदाच्या सुमारे अकराव्या भागाने, म्हणजे अडीच-तीन फ्रेम उशिरा पोचतो. अशा वेळी आवाजाचा ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवला की काम झालं.

### दुरुस्ती कशी करायची? मला आज्ञा लिहिता येत नाहीत.

एडिटिंगला घेण्याआधी मूळ फाइलवरून स्थिर गतीची नवी फाइल बनवायची. त्यासाठी हँडब्रेक हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर पुरतं. फाइल उघडा, `Video` या टॅबमध्ये `Framerate (FPS)` समोर `30` निवडा आणि त्याच्या खालचं `Constant Framerate` निवडा. इथेच जास्तीत जास्त चुका होतात. हँडब्रेकच्या नेहमीच्या प्रीसेटमध्ये `Peak Framerate` निवडलेलं असतं. त्याचा अर्थ तीसच्या वर जाऊ नको, एवढाच. खाली गेलेल्या जागा ते भरत नाही, आणि नव्या फाइलमध्ये दोष जसाच्या तसा राहतो.

`Constant Quality` चा आकडा १८ वर ठेवा. मूळ क्लिप ४के असेल तर `Dimensions` मध्ये एकदा बघून घ्या, कारण `1080p` नावाचे प्रीसेट चित्र लहान करून टाकतात. मग `Start`. जुन्या संगणकावर चाळीस मिनिटांच्या क्लिपला बराच वेळ लागतो आणि नवी फाइल अनेकदा मूळ फाइलपेक्षा मोठी होते. ती एडिटिंगपुरती वापरायची आहे, हे लक्षात ठेवलं की चालतं. मूळ फाइल काम संपेपर्यंत पुसू नका.

### आणि आज्ञा चालत असतील तर?

```
ffmpeg -i kirtan.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -af aresample=async=1 -c:a aac -b:a 192k -ar 48000 kirtan_cfr.mp4
```

यातलं मुख्य काम `fps=30` करतं. ते प्रत्येक फ्रेमची लिहिलेली वेळ वाचतं, जिथे घर रिकामं राहतं तिथे आधीची फ्रेम पुन्हा ठेवतं आणि जिथे दाटी होते तिथली जादा फ्रेम काढतं. `aresample=async=1` आवाजासाठी आहे: ध्वनिमुद्रणातच एखादा तुकडा गहाळ असेल तर तिथे तेवढी शांतता भरली जाते, म्हणजे पुढचा आवाज अलीकडे सरकत नाही.

दोन गोष्टी टाळा. `-r 30` हे `-i` च्या आधी लिहू नका. तिथे लिहिलं की एफएफएमपेग फ्रेमवरच्या वेळा टाकून देतं आणि सगळ्या फ्रेम समान अंतरावर मांडतं. म्हणजे ज्या दोषापासून सुटायचं होतं तोच फाइलमध्ये कायमचा कोरला जातो. आणि `-c copy` ने हे काम होत नाही, कारण त्यात फ्रेम जशाच्या तशा उचलल्या जातात, नव्या घडत नाहीत.

### तीसच का? पंचवीस किंवा २९.९७ का नको?

फोनने ज्या गतीवर शूट केलं तिच्या सगळ्यात जवळचा आकडा घ्या. तीसवर शूट केलेलं असेल तर तीस, साठवर असेल तर साठ. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण पंचवीसवर चालतं म्हणून मोबाइलची क्लिप पंचवीसवर आणायला जाऊ नका, सेकंदाला पाच फ्रेम गळून हालचाल अडखळते. प्रोजेक्टची गतीही तीच ठेवा, आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये हे क्लिप आत घेण्याआधीच ठरवा, नंतर तो आकडा बदलता येत नाही.

### फ्रेम पुन्हा ठेवल्याने चित्र खराब नाही का दिसत?

फक्त त्या चोवीस सेकंदांत, आणि तेही बारकाईने पाहिलं तर. तिथे दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते, म्हणजे चाराच्या पाच होतात. बुवांनी हात झटकन फिरवला तर किंचित अडखळल्यासारखं वाटतं. उरलेल्या चाळीस मिनिटांत काही फरक नाही. दोन फ्रेममधून तिसरी नवी घडवणारे फिल्टर मिळतात, पण टाळांच्या भरभर हालचालीत ते कडा वितळवून टाकतात. मी ते वापरत नाही.

### माझं सॉफ्टवेअर हे आपोआप सांभाळत नाही का?

काही सांभाळतात. प्रीमिअर प्रोमध्ये २०१८ पासून बदलत्या गतीच्या फाइल हाताळायची सोय आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट अशी फाइल आत घेतानाच ओळखतात आणि रूपांतर करून देऊ का असं विचारतात, तेव्हा होकार द्या. मोबाइलवरच एडिट करणाऱ्यांना बहुधा हा त्रास होत नाही. तुमच्याकडे शेवटची पाच मिनिटं टाइमलाइनवर नीट जुळत असतील तर रूपांतराच्या फंदात पडू नका. लांब क्लिप असेल, तीन-चार फोनचं शूटिंग एकत्र करायचं असेल, तर मात्र मी सॉफ्टवेअरवर न विसंबता आधी रूपांतर करतो.

### सगळं एडिटिंग करून झालंय. आता नवी फाइल जोडली तर कट जागेवर राहतील?

पहिल्या अंधाराच्या आधीचे राहतील. त्यानंतरचे हलतील, कारण ते चुकीच्या घरांवर मारलेले आहेत. आमच्या क्लिपमध्ये ११ ते २६ मिनिटांमधले कट १.८ सेकंदांनी आणि त्यापुढचे ४.८ सेकंदांनी पुढे न्यावे लागतील. दहा-पंधरा कट असतील तर हाताने होऊन जातं. शंभर असतील तर खालचा उपाय बरा पडतो.

### मूळ फाइल पुसली गेली. बिघडलेलाच व्हिडिओ हातात आहे. काही होईल का?

होईल. आवाज आणि चित्र वेगळे करा. चित्रात अंधाराचा पहिला तुकडा शोधा. प्रत्यक्षात तो नऊ सेकंदांचा होता, पण त्याच्या २१६ फ्रेम तीसच्या गतीने चालल्यामुळे टाइमलाइनवर ७.२ सेकंदांतच संपतो. त्याच्या दोन्ही टोकांना कट मारा आणि मधल्या तुकड्याची गती ८० टक्के करा. ७.२ चे पुन्हा ९ सेकंद होतात आणि पुढचं सगळं चित्र १.८ सेकंद मागे सरकून आवाजाला येऊन भिडतं. दुसरा तुकडा १२ सेकंदांचा दिसेल, तोही ८० टक्क्यांवर आणला की १५ चा होतो.

८० टक्के का, तर चोवीस भागिले तीस म्हणजे ०.८. फोन पंधरापर्यंत उतरला असेल तर ५० टक्के. नेमकी गती माहीत नसेल तर तुकड्यानंतरच्या पहिल्या टाळाच्या ठोक्यावरून किती फरक आहे ते मोजा आणि तुकडा तेवढा लांबवा. फोन तापून इकडेतिकडे फ्रेम गळल्या असतील तर असे ठळक तुकडे सापडणार नाहीत. तेव्हा दर दोन-तीन मिनिटांनी, बोलणं थांबलंय अशा जागी कट मारून थोडं थोडं जुळवत जावं लागतं. वेळखाऊ आहे, पण निभतं.

### जुळलं की नाही हे कसं तपासायचं?

ओठांवरून ठरवू नका, डोळा स्वतःची समजूत घालून घेतो. टाळ, टाळी, मृदंगावरची थाप असं काहीतरी शोधा, जिथे आघात दिसतो आणि ऐकूही येतो. टाळ सगळ्यात उत्तम: दोन वाट्या भिडतात ती फ्रेम स्पष्ट असते आणि आवाजाच्या आलेखात तिथे उभा सुळका दिसतो. त्या फ्रेमवर थांबा आणि सुळका त्याच घरात, फार तर पुढच्या एक-दोन घरांत आहे का बघा.

फक्त सुरुवात आणि शेवट तपासून चालत नाही, हे वरच्या माझ्या चुकीवरून कळलं असेलच. मी पाचव्या, विसाव्या आणि अडतिसाव्या मिनिटाला बघतो, म्हणजे प्रत्येक पायरीच्या दोन्ही बाजू येतात. नव्या फाइलवर वरची `ffprobe` ची आज्ञा पुन्हा दिली तर `nb_frames` आता ७२,००० च्या आसपास यायला हवा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. तीसच्या गतीत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते, म्हणजे आवाज आधी येण्यात फार सवलत नाही.

### आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. तो लावल्यावरही फरक वाढत जातो.

इथे दोन कारणं एकत्र असू शकतात, म्हणून क्रमाने जा. आधी चित्र स्थिर गतीवर आणा. मग फोनचा स्वतःचा आवाज चित्राशी जुळतो का बघा. तो जुळला की रेकॉर्डरचा ट्रॅक फोनच्या आवाजाशी जुळवा. आता जो फरक उरेल तो दोन उपकरणांच्या घड्याळांमधला. तो पायऱ्यांनी नाही, सरळ रेषेत वाढतो आणि लहान असतो, तासाला सहसा सेकंदाचा काही अंश. फक्त याच ठिकाणी आवाज किंचित ताणणं योग्य आहे, किंवा विरामाच्या जागी एखादा कट मारून सरकवणं.

### पुढच्या वेळी हे होऊच नये म्हणून काय करावं?

आयफोनमध्ये `Settings`, `Camera`, `Record Video` इथे `Auto FPS` बंद करा, म्हणजे अंधारात तो स्वतःहून गती उतरवणार नाही. चित्र थोडं काळपट येईल, ते नंतर उजळता येतं. अँड्रॉइडवर शटर हाताने ठरवू देणारं कॅमेरा अॅप किंवा प्रो मोड वापरा आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधून ठेवा. मग एका फ्रेमला तिसाव्या भागापेक्षा जास्त वेळ देण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांची पडद्यावरची फडफडही कमी होते.

फोनचं कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा, शूटिंगच्या आधीच चार्जिंग करून घ्या. एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा, नाहीतर रूपांतर केल्यावर रंग फिके पडतात. आणि सप्ताहाला जाताना मी आता बॅटरीवर चालणारा एक एलईडी दिवा सोबत नेतो. बुवांच्या बाजूला, डोळ्यांवर येणार नाही असा ठेवतो. वीज गेली तरी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड राहतो आणि फोनला अंधार झाल्याचं फारसं कळतच नाही.